रीबेसमध्ये कमिट हलत नाहीत, नव्याने बनतात

> रीबेस केलं की माझे कमिट उचलून `main` च्या टोकाला नेऊन ठेवले जातात, बरोबर ना?

जवळपास, पण उचलले जात नाहीत. कमिटच्या हॅशमध्ये त्याच्या आधीच्या कमिटचा हॅशही धरलेला असतो, त्यामुळे आधीचा बदलला की हाही बदलणारच. म्हणून गिट तेच बदल पुन्हा लावून नवे कमिट बनवतं. जुने काही काळ `git reflog` मध्ये सापडतात, हे फार मोलाचं आहे.

तुमच्या मालवणच्या होमस्टे बुकिंगच्या प्रोजेक्टचंच घ्या. `darpatrak` ब्रांच फक्त तुमच्या लॅपटॉपवर असेल तर खुशाल रीबेस करा. पण ती पुश झाल्यावर रत्नागिरीच्या सहकाऱ्याने तिच्यावर काम सुरू केलं असेल, तर तुम्ही रीबेस केल्यावरही जुने कमिट त्याच्याकडे राहतात. त्याने रीबेस केलेली ब्रांच पुल करून मर्ज केली की लॉगमध्ये तोच संदेश वेगळ्या हॅशने दोनदा दिसतो. अशा सामायिक ब्रांचवर मी मर्जच करतो.