'Carried Forward'च्या ओळी: कचरा की पुरावा?

एक्सेलवीर
सोसायटीच्या खात्याचं तीन पानी पीडीएफ स्टेटमेंट एक्सेलमध्ये आणलं. प्रत्येक पानाच्या तळाशी 'Carried Forward' म्हणून पुढे नेलेली बेरीज, पुढच्या पानाच्या डोक्यावर तीच 'Brought Forward' म्हणून. त्यामुळे खर्चाची बेरीज आली १,६२,७००! 'FORWARD'वर फिल्टर लावून तो कचरा उडवला, शेवटच्या एकूणची ओळही काढली. आता ३४,९००. या ओळी पहिल्या फटक्यात डिलीट कराव्यात, वाद घालायचा प्रश्नच नाही.

खतावणी
प्रश्न आहे, आणि सकाळी सकाळी डोकं फिरवणारा आहे. दर एप्रिलमध्ये लोक अशीच 'साफ' केलेली शीट घेऊन येतात आणि मग मी रात्री बारापर्यंत तीनशे-चारशे रुपये शोधत बसतो. बँकेने प्रत्येक पानाचा ताळा तुमच्या हातात दिलाय, तो तुम्ही पाहण्याआधीच फेकलात. मूळ पीडीएफ उघडा आणि खर्चाच्या रकान्यात तिन्ही पानांच्या तळाशी काय छापलंय ते इथे टाका.

एक्सेलवीर
१८,२५०, २७,८५०, ३५,२५०.
अरे. ३५,२५०?

खतावणी
हो ना. या रकमा चढत्या आहेत, म्हणजे दुसऱ्या पानाच्या आकड्यात पहिलं पान धरलेलं आहे. त्या पानाचा स्वतःचा खर्च २७,८५० वजा १८,२५०, म्हणजे ९,६००. तिसऱ्याचा ७,४००. आता तुमच्या शीटमधल्या ओळींची पानवार बेरीज करा. मात्र त्यासाठी पान क्रमांकाचा रकाना हवा, आणि तो तुम्ही ठेवला नसणार.

एक्सेलवीर
नव्हता ठेवला, आत्ता हाताने घातला. पहिलं आणि तिसरं पान जुळलं. दुसरं ९,२५०.

पासबुकातला_माणूस
आमच्याकडे तर पासबुकाचं मशीन जुन्या ओळींवरच नवीन ओळी छापतं. कसलं कॅरी न् कसलं फॉरवर्ड! तीनदा तक्रार केली, काउंटरवरच्या बाई म्हणतात पान नीट घाला. पान नीटच असतं हो.

नुसता_फॉर्म्युला
काका, विषय वेगळा चाललाय. एवढा खटाटोप कशाला? D मध्ये खर्च, E मध्ये जमा, F मध्ये बाकी:

```
=ROUND(F2-D3+E3-F3,2)
```

खाली ओढा. शून्य नाही तिथे भानगड. पानाच्या बेरजा हव्यात कुणाला?

खतावणी
हे बरोबर आहे, आणि पानवार ताळ्यापेक्षा नेमकं आहे, कारण थेट ओळ दाखवतं. फक्त प्रत्येक ओळीसमोर बाकी छापलेली हवी. माझ्याकडे एक स्टेटमेंट आलं होतं, त्यात बाकी दिवसातून एकदाच, शेवटच्या व्यवहारासमोर. तिथे हा फॉर्म्युला पहिल्याच दिवशी बोंबलला आणि पानाच्या बेरजाच कामी आल्या.

नुसता_फॉर्म्युला
असली स्टेटमेंटं तुमच्याकडेच येतात. आणि पान जोडताना एखादी ओळ दोनदा आली तर सरळ Remove Duplicates. 'बाकी'चा रकाना धरून करायचं, म्हणजे दोन खरे सारखे व्यवहार उडत नाहीत. बाकी वेगळी असतेच.

कोल्हापूरची_सून
असतेच?? एटीएममधून दहा हजार काढायला गेले, पैसे आले नाहीत, खात्यातून गेले. त्याच दिवशी परत जमा झाले. संध्याकाळी पुन्हा दहा हजार काढले, त्याच मशीनमधून. पहिली आणि तिसरी ओळ: तारीख तीच, तपशील तोच, रक्कम तीच, बाकीसुद्धा तीच! तुमच्या त्या बटणाने तिसरी खाल्ली. नवऱ्याने अख्खी संध्याकाळ मला विचारलं की दहा हजार गेले कुठे.

नुसता_फॉर्म्युला
लाखात एक केस घेऊन आलात.

कोल्हापूरची_सून
लाखातली ती एक माझ्या घरात झाली ना. तुमचं काय जातंय.

खतावणी
ताईंचं बरोबर आहे. पान क्रमांक आणि पानावरचा ओळ क्रमांक असला की बटण लागतच नाही, दोनदा आलेली ओळ डोळ्यांना दिसते.

नुसता_फॉर्म्युला
बरं, बटण मागे घेतो. फॉर्म्युला नाही घेत.

एक्सेलवीर
सापडले ३५०. दुसऱ्या पानावर एक ओळ होती, 'FORWARDING CHGS', कुरिअरवाल्याचे. माझ्या फिल्टरने तीही उचलली.

खतावणी
म्हणजे ज्या शब्दाने कचरा काढलात, त्यानेच माल गेला. ओळ काढू नका, बाजूच्या H रकान्यात 'व्यवहार' किंवा 'पुढे नेलेली' असं लिहा आणि बेरीज फक्त व्यवहारांची घ्या:

```
=SUMIFS(D:D,H:H,"व्यवहार")
```

एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. पान संपताना तपशील अर्धा खाली, अर्धा पुढच्या डोक्यावर गेला, तर बेरीज जुळेल आणि तपशील भलत्या ओळीला चिकटेल. तो कुठलाच ताळा पकडत नाही.

एक्सेलवीर
ठीक आहे, ठेवतो ओळी. सोसायटीच्या सभेला पाठवताना मात्र लपवूनच पाठवणार. जोशीकाकांनी 'Brought Forward' पाहिलं की विचारतात, हे पैसे कोणी आणले?

पासबुकातला_माणूस
पण पासबुकाचं काय?