शब्दचर्चा: प्रतिध्वनी, निनाद, घुमणे आणि ‘कोरडा’ आवाज

अनुस्वार:
शिक्षकांनी वर्गात स्वतःचा पाठ कसा ध्वनिमुद्रित करावा, यावर मी एक पुस्तिका लिहीत आहे. तिच्यातल्या एका प्रकरणाला मी ‘प्रतिध्वनी घालवून आवाज कोरडा आणि स्पष्ट कसा करावा’ असे नाव दिले होते. संपादकांना त्यातले दोन्ही शब्द खटकले. रिकाम्या वर्गातल्या ध्वनिमुद्रणात जे ऐकू येते त्याला प्रतिध्वनी म्हणता येत नाही आणि ‘कोरडा’ म्हटल्यावर शिक्षक रुक्षपणे बोलत असल्याचा भास होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. या दोन शब्दांच्या जागी काय लिहावे?

शुद्धमती:
प्रतिध्वनीबद्दल संपादकांचे म्हणणे योग्य आहे. मूळ ध्वनी थांबल्यावर परावर्तित ध्वनी वेगळा ओळखू यावा, तर दोहोंत साधारण 0.1 सेकंदाचे अंतर लागते, आणि त्यासाठी भिंत किमान 17 मीटर दूर असावी लागते, असे विज्ञानाच्या पुस्तकांत दिलेले असते. वर्ग एवढा मोठा नसल्यामुळे तिथे प्रतिध्वनी उमटणारच नाही. मग जे ऐकू येते तो केवळ गोंगाट ठरतो. त्याला ‘गोंगाट’च म्हणावे आणि संगणकावरच्या `Noise Reduction` या सोयीने तो काढून टाकावा.

मंद्र:
मी ध्वनिमुद्रणाचे काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. शुद्धमती यांच्या उत्तराचा पहिला भाग बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. वर्गात परावर्तन होतेच. सहा मीटरवरच्या भिंतीवर आदळून आलेला आवाज सुमारे 35 मिलिसेकंदांनी परत येतो, आणि तोवर मूळ शब्द संपलेला नसल्यामुळे कान त्याला वेगळा मोजत नाही. अशी शेकडो परावर्तने एकमेकांत मिसळून शब्दामागे जी शेपटी तयार होते, तिला पुस्तकी भाषेत ‘निनाद’ म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात आपण ‘आवाज घुमतो’ असे म्हणतो.

तिला गोंगाट म्हटले की उपायही चुकतो. `Noise Reduction` वापरताना आपण आधी कोणी बोलत नसतानाचा तुकडा निवडतो आणि पंख्याच्या घरघरीसारखा सतत राहणारा आवाज त्यावरून ओळखला जातो. निनाद मात्र शिक्षकाच्याच आवाजातून जन्मतो आणि शांत तुकड्यात तो नसतोच, त्यामुळे त्या सोयीला तो ओळखता येत नाही.

खडूफळा:
मी शिक्षिका आहे आणि दिवसभर बोलून माझाही आवाज कोरडा पडतो. मी मध्ये मध्ये कोमट पाणी पिते, त्याचा उपयोग होतो. माझी अडचण मात्र निराळी आहे. मागच्या सुट्टीत वर्गाच्या दोन भिंतींवर आम्ही अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले, तरीही अडीच मीटरवर तिवईवर ठेवलेल्या मोबाइलमध्ये माझा आवाज विहिरीतून आल्यासारखाच येतो. ट्रे आणखी लावावेत का?

मंद्र:
घसा कोरडा पडणे हा वेगळा विषय आहे. इथे ‘कोरडा’ म्हणजे खोलीचा ओलावा न लागलेला आवाज. तुमची अडचण मात्र या चर्चेच्या अगदी मुळाशी आहे.

ट्रेचा पुठ्ठा पातळ असल्यामुळे तो वरच्या पट्टीतले थोडे शोषतो. ज्या खालच्या आणि मधल्या पट्टीत आवाज घुमतो, तिथे त्याचा जवळजवळ उपयोग होत नाही. उलट वरची चमक तेवढी जाते आणि आवाज अधिकच बसका वाटू शकतो.

तुमचा वर्ग 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच आहे, आणि फुगा फोडल्यावर निनाद 60 डेसिबलने उतरायला 1.6 सेकंद लागतात, असे धरू. अशा वर्गात थेट आवाज आणि निनाद यांचे पारडे तोंडापासून अवघ्या अर्ध्या मीटरच्या आसपास समान होते, आणि त्यापलीकडे माइकला खोलीच अधिक ऐकू येते. तुमचा मोबाइल त्या सीमेच्या कितीतरी बाहेर आहे.

निनादाचा काळ निम्म्यावर आणायचा, तर साबिनच्या सूत्राप्रमाणे वर्गात आज जेवढे शोषण आहे तेवढेच नव्याने आणावे लागेल, म्हणजे पूर्ण शोषणाचे साडेचौदा चौरस मीटर. एवढे करून निनादाची पातळी सुमारे 3 डेसिबलने उतरते. तोच माइक छातीवर, तोंडापासून 20 सेंटिमीटरवर लावला, तर थेट आवाज जवळपास 22 डेसिबलने वाढतो आणि निनाद होता तेवढाच राहतो. शोषणामुळे शेपटी आखूड होते आणि एक शब्द पुढच्यावर सांडत नाही, हा लाभ खरा आहे, म्हणून जाड पडदे मी वाया म्हणणार नाही. पण पहिला उपाय माइक जवळ आणण्याचाच आहे.

शुद्धमती:
निनाद आणि गोंगाट यांतला फरक मला मान्य आहे. पण पाठ आधीच ध्वनिमुद्रित झाला असेल, तर `Noise Gate` लावून शब्दांमधल्या जागा शांत करता येतील ना? तेवढ्याने शेपटी कापली जाईल.

मंद्र:
शब्दांमधल्या विरामातली शेपटी कापली जाते, पण चालू शब्दाखाली दडलेला निनाद तसाच राहतो. परिणामी आवाज घुमत येतो आणि विरामात एकदम तुटतो, आणि ते तुटणे मूळच्या घुमण्यापेक्षा कानाला अधिक टोचते. `De-reverb` या नावाची साधने शब्दाखालचा निनादही कमी करतात, पण त्यांना हात राखून वापरावे लागते. मात्रा वाढली की ‘स’ आणि ‘श’ पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात आणि शब्दाच्या शेवटचा ‘त’ गिळला जातो. आणखी एक चूक नेहमी होते. लोक आधी `Compressor` लावतात. तो मोठा आवाज दाबतो आणि त्यानंतर एकूण पातळी वाढवली की हळू भाग वर येतात. शेपटी हा हळूच भाग असल्याने वर्ग अधिकच घुमू लागतो. म्हणून निनाद आधी कमी करावा आणि पातळी नंतर सारखी करावी.

फरक पडला की नाही हे पाहण्यासाठी ‘सात’ हा शब्द बोलून दोन सेकंद थांबावे आणि पडद्यावरची लहर मोठी करून बघावी. माइक जवळ असेल तर ‘त’नंतर रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. लांबच्या माइकमध्ये ती उतारावरून घसरत जाते.

अनुस्वार:
प्रकरणाचे नाव आता मी ‘वर्गात आवाज घुमू नये म्हणून’ असे करते. मोजमापाच्या परिच्छेदात ‘निनाद’ ठेवते. ‘कोरडा’च्या जागी ‘थेट आवाज’ लिहिले तर चालेल का?

शुद्धमती:
मला ते पटत नाही. थेट आवाज म्हणजे भिंतीला न लागता माइकपर्यंत पोहोचलेला आवाज, ही एक भौतिक गोष्ट झाली. कोरडा हा ऐकण्यातला गुण आहे.

मंद्र:
स्टुडिओतली माणसे ज्या आवाजावर कृत्रिम निनाद चढवलेला नाही त्यालाही ‘कोरडा’ म्हणतात, आणि तो अर्थ ‘थेट’मध्ये येत नाही. मी ‘कोरडा’ ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘न घुमणारा’ असे जोडून लिहीन. संपादकांचा रुक्षपणाचा आक्षेप मात्र त्याने पूर्ण सुटत नाही, हेही खरे.

खडूफळा:
आज छातीवर माइक लावून ‘सात’ बोलून पाहिले. रेघ खरोखर कड्यावरून पडल्यासारखी आली आणि विहीर गेली. पण हात हलवला की कपडा माइकवर घासल्याची खरखर येते. त्या खरखरीला मात्र गोंगाटच म्हणायचे ना, आणि ती `Noise Reduction`ने जाईल का?

मंद्र:
शब्द बरोबर आहे, उपाय नाही. ती पंख्यासारखी सतत नसते, त्यामुळे त्या सोयीच्या हाती लागत नाही. माइकखालचा कपडा घडी घालून चिकटपट्टीने पक्का करा आणि वायरला वळसा देऊन तोही चिकटवा.