अनुभव धागा: रस्त्याचे नियम, क्रम आणि आकडे तुम्ही कसे लक्षात ठेवलेत?

लेकीच्या मागे लागून मी पण वयाच्या 44 व्या वर्षी लर्निंगची परीक्षा दिली, इथे बडोद्यात, गुजरातीतून. चिन्हं पाठ झाली पण क्रम आणि आकडे काही केल्या टिकेनात. अडलं कुठे तर तातडीच्या गाड्या एकदम आल्या तर आधी कुणाला वाट, यावर. मला चारही गाड्या माहीत होत्या, क्रम नव्हता, आणि मी मनाने ॲम्ब्युलन्स पहिली ठेवली. 2017 च्या नियमांत पहिला अग्निशमन बंब, मग ॲम्ब्युलन्स, मग पोलीस, मग अत्यावश्यक सेवेच्या गाड्या.

तेव्हा लेकीने मला बनवून दिलं: आग, आजार, आरोपी, आणि बाकीचे. ग, ज, र हे बाराखडीतल्या क्रमानेच येतात, त्यामुळे उलटसुलट झालं तरी मीच बाराखडी म्हणून दुरुस्त करते. ती म्हणाली आई, नुसती पहिली अक्षरं जोडून शब्द केला की यादी लक्षात राहते पण क्रम हलतो, शब्दातच क्रम पाहिजे. हे मला फार पटलं. तुम्ही काय काय केलंत ते सांगा, चुकलेलं पण सांगा.

सुरसागरकाठ:
ताई, मस्त. मी ओव्हरटेकसाठी स्वर वापरतो: आ, इ, उ, ओ. आरसा, इशारा, उजव्या खांद्यावरून नजर, मग ओव्हरटेक. आधी मी इशारा देऊन मग आरसा बघायचो, आणि मागून येणारा तोपर्यंत शेजारी येऊन ठेपलेला असायचा. स्वर पाठ असल्यामुळे आता "इ" म्हणण्याआधी "आ" आपोआप येतो. ए गायब आहे पण अडत नाही.

मेघा_रावपुरा:
सुरसागरकाठ दादा, मी हेच माझ्या भाच्याला शिकवलं आणि त्याने डावीकडे वळताना पण उजवा खांदा बघितला 😐 डाव्या बाजूने सायकलवाला येत होता, थोडक्यात वाचला. म्हणजे शब्द ओव्हरटेकपुरता बरोबर, वळणाला चुकीचा. मग आम्ही "उ" म्हणजे "उडती नजर, जिकडे जायचं तिकडे" असं केलं.

सुरसागरकाठ:
हो ते बरोबर आहे, पण "उडती नजर" मध्ये कुठे बघायचं ते नक्की राहत नाही. मला तरी उजवा हा शब्दच मान वळवायला लावतो. वळणासाठी वेगळंच काही हवं, सध्या माझ्याकडे नाही.

कीर्तनप्रेमी काका:
आकड्यांसाठी आपल्याकडे जुनी रीत आहे, कटपयादि. प्रत्येक व्यंजनाला अंक असतो, मात्रा मोजायच्या नाहीत. सगळं पाठ करू नका, चार पुरेत: र 2, ल 3, व 4, न 0. आता दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा बघा, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. "लीन", म्हणजे ल 3, न 0. नशेत लीन झालेला माणूस डोळ्यासमोर आणा. अपघात झाला आणि तिथे पोलीस नसतील तर ठाण्यात 24 तासांच्या आत कळवायचं, तर "रवा". स्कूटरवरची रव्याची पिशवी फुटून रस्त्यावर पांढरा सडा पडलाय असं चित्र. मला एकदा बघितल्यावर विसरायला झालं नाही.

मांडवीकर:
काका, माझ्या आजोबांनी शिकवलेलं की कटपयादि उजवीकडून डावीकडे वाचतात. मग रवा 42 होईल ना? आणि लीन तर 03.

कीर्तनप्रेमी काका:
परंपरेत उलटंच वाचतात, तुमचे आजोबा बरोबर. मी मुद्दाम सरळ वाचतो कारण परीक्षेत उलटं करायला वेळ नसतो. उलटं वाचायचं असेल तर 30 ला "नाला" घ्या आणि 24 ला "वीर". पण एकच दिशा ठरवा. मी पहिल्या महिन्यात दोन्ही वापरून 24 आणि 42 मध्ये अडकलो होतो.

चैताली_ब:
मला आकडा राहायचा पण युनिट निसटायचं, 30 मिलिग्रॅम की 30 टक्के असं व्हायचं, म्हणून मी चित्रात बाटली टाकली. खोकल्याच्या औषधाची 100 मिलीची बाटली, आत रक्त, आणि तळाशी तांदळाचा एक दाणा. 30 मिलिग्रॅम म्हणजे साधारण एका दाण्याएवढंच वजन, किती कमी! तो दाणा दिसला की मिलिग्रॅम आठवतं. काकांचा लीन आणि माझी बाटली एकत्र केली की आकडा आणि युनिट दोन्ही येतं.

विजय_वारसिया:
माझ्या वडिलांना गाडीचा नंबरच लक्षात राहत नाही, पार्किंगमध्ये शोधत बसतात, त्याला पण काही करता येईल का? शेवटचे चार आकडे 2430 आहेत.

कीर्तनप्रेमी काका:
हा धागा नियमांचा आहे हो, पण 2430 म्हणजे रवा आणि लीन! रव्यात लीन झालेला माणूस. सांगा त्यांना.

मेघा_रावपुरा:
24 तासांबद्दल एक सांगायचं होतं. आमच्या शेजाऱ्यांनी "24 तास आहेत ना" म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळवलं. नियमात आधी जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि मग शक्य तितक्या लवकर कळवायचं, 24 ही शेवटची हद्द आहे. रव्याचं चित्र हे सांगत नाही. म्हणून मी त्यात पिशवीच्या आधी पट्टी बांधलेला हात बघते, त्याच हाताने पिशवी उचलली जाते.

गेंडीगेट:
पोलिसाचा हात, सिग्नल, पाटी आणि रस्त्यावरचे पट्टे यांत कुणाचं ऐकायचं हा क्रम मी आपल्या गावातून बसवला. मांडवी दरवाज्यात हात वर करून उभा पोलीस, लहेरीपुरा दरवाज्याला भलामोठा लाल दिवा लटकलाय, न्यायमंदिरच्या पायऱ्यांवर पाटी रोवलेली, आणि सुरसागराच्या पाण्यावर पांढरे पट्टे रंगवलेत. रोज याच वाटेने जायचो म्हणून क्रम सुटत नाही. एकच अडचण, परत येताना उलटं होतं, आणि एकदा घाईत मी पट्टे पहिले धरले. म्हणून वाट नेहमी मांडवीपासूनच सुरू करतो.

मांडवीकर:
यावर माझी सोपी गोष्ट. जे जास्त बदलतं ते मोठं. पोलिसाचा हात क्षणाक्षणाला, सिग्नल मिनिटामिनिटाला, पाटी वर्षानुवर्षे आणि पट्टा तर पुसट होईपर्यंत तसाच.

गेंडीगेट:
पण पट्टे पुसट होतात म्हणजे ते पाटीपेक्षा लवकर बदलले ना? माझा पुतण्या हेच म्हणेल.

सुरसागरकाठ:
सर्कलवर मी "उजवीकडचा आधी" असं धरतो, सगळीकडे चालतं.

कीर्तनप्रेमी काका:
सर्कलमध्ये आधीच फिरत असलेल्याला आधी. आपल्याकडे त्या गाड्या उजवीकडूनच येतात म्हणून तुमचं उत्तर बरोबर येतं. पण कारण वेगळं आहे, तेव्हा काळा घोड्याच्या सर्कलवर घोड्याभोवती जे फिरतायत ते घरचे, आपण पाहुणे, असं धरा. साध्या चौकात जिथे सिग्नल नाही, पाटी नाही, तिथे मात्र उजवीकडून येणाऱ्याला आधी.

धागाकर्ती:
घरचे आणि पाहुणे मी लिहून घेतलं. गेंडीगेट दादा, पुतण्याने काय उत्तर दिलं ते सांगा, मला पण पट्टे आणि पाटीचं कोडं सुटलेलं नाही. आणि डाव्या वळणासाठी आ, इ नंतर "उ" ला कुणाला नीट शब्द सुचला तर इथेच टाका, लेकीची पुढची टेस्ट महिन्याभरात आहे.