सीटचे झोके आणि डॅम्पिंग रेशो

> डॅम्पर न उघडता ट्रॅक्टरच्या सीटचा डॅम्पिंग रेशो काढता येईल का?

येईल. डॅम्पर सीटचे झोके शमवतो आणि ते किती झपाट्याने विरतात याचं माप म्हणजे हा रेशो. झोके मोजू नका, त्यांची उंची मोजा. आम्ही वाशीमजवळच्या शेतात सीटवर सरकीचं पोतं बांधलं, दाबून सोडलं आणि मागे पट्टी धरून मोबाईलवर व्हिडिओ घेतला. स्थिर जागेपासून वरची लागोपाठची टोकं ४०, २०, १० मिमी आली, म्हणजे दर झोक्याला निम्मी, लागोपाठच्या टोकांचं गुणोत्तर २. `ln 2` म्हणजे ०.६९, त्याला `2π` ने भागलं की रेशो ०.११. रेशो लहान असेल तोवर हा सोपा भागाकार चालतो.

पोतं मात्र चालवणाऱ्याच्या वजनाचंच घ्या, कारण वजन वाढलं की रेशो घटतो.

टोकं ४०, ३०, २०, १० अशी सारख्या फरकाने उतरली, तर ते डॅम्परमधल्या तेलाचं काम नाही, गंजलेल्या सांध्याचं घर्षण आहे. तिथे हे सूत्र लावू नका.