बेस्ट प्लेअरच्या आधी ‘द’ हवा की नको?

डिचोलीकर: आमच्या वाड्यावरच्या फुटबॉल स्पर्धेच्या चषकावर इंग्रजी मजकूर कोरायचा आहे. दुकानदार अक्षरामागे पैसे घेतो, म्हणून त्याने ‘द’ गाळायला सुचवलं. नावाखाली नुसतं ‘बेस्ट प्लेअर’ आणि पुढे ‘आवर क्लब वन द कप फर्स्ट टाइम’. समितीचे सचिव म्हणतात दोन्हीकडे ‘द’ पाहिजेच. मराठीत ‘सगळ्यात चांगला’ म्हटलं की झालं, मग हे लटांबर कशाला?

पाणी-पाव: नसला म्हणून काय बिघडतं? टीव्हीवर पट्टीत ‘द’ कुठे असतो?

आगशीचे बाब: मी लिसेवात पोर्तुगीज शिकलो. तिथे ‘मेल्योर’ म्हणजे नुसतं ‘अधिक चांगला’. पुढे ‘ओ’ लावला, ‘ओ मेल्योर’, की तो सगळ्यांत चांगला. ‘पेला प्रिमेइरा वेश’मधल्या ‘पेला’तही आर्टिकल दडलेलं आहे. इंग्रजीचंही तेच. तेव्हा डोळे मिटून ‘द’ लावा.

म्हार्दोळची: बाब, डोळे मिटू नका. पोर्तुगीजात ‘ओ मेउ मेल्योर आमीगु’ चालतं, म्हणजे ‘माझा’ आणि आर्टिकल शेजारी-शेजारी. इंग्रजीत एकाच जागेसाठी दोघं भांडतात, एकालाच बसता येतं. ‘माय बेस्ट फ्रेंड’, ‘गोवाज बेस्ट प्लेअर’, ‘हिज फर्स्ट गोल’, यांत ‘द’ नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा ‘द माय बेस्ट फ्रेंड’ म्हणायचा आणि सर वर्षभर त्याला त्यावरून हाक मारत.

आता डिचोलीकरांचं. नावाखाली नुसतं ‘बेस्ट प्लेअर’ ठीक आहे, कारण तो किताब आहे, वाक्य नव्हे. ‘ही वॉज नेम्ड बेस्ट प्लेअर’सुद्धा चालेल. पण ‘ही वॉज बेस्ट प्लेअर’ लंगडं. तिथे तुम्ही माणसाचं वर्णन करता, आणि ‘द’ लागतो. दुसरी ओळ मात्र चुकलीच आहे. वाक्याच्या शेवटी ‘पहिल्यांदाच’ या अर्थाने ‘फॉर द फर्स्ट टाइम’ पूर्ण लिहायचं. ‘फॉर’ आणि ‘द’ दोन्ही गेले की उरतं ते आपलं ‘पहिल्या वेळी’चं शब्दशः भाषांतर.

पाणी-पाव: पण लोक ‘फर्स्ट टाइम आय वेंट टू म्हापसा’ म्हणतातच की!

म्हार्दोळची: वाक्याच्या तोंडाशी, बोलताना, गळतो तो. कोरायच्या मजकुरात गाळू नये.

केपेंकार: माझ्या मुलीने ‘शी केम द फर्स्ट’ लिहिलं, बाईंनी गुण कापले. आता बोला!

म्हार्दोळची: बाई बरोबर. ‘ती पहिली आली’ यात पहिली म्हणजे कितवी आली एवढंच. मागे नाम नाही. म्हणून ‘केम फर्स्ट’. मात्र ‘वन फर्स्ट प्राइझ’ आणि ‘वन द फर्स्ट प्राइझ’ दोन्ही चालतात. तिथे कापले असते तर भांडायला मीही आले असते.

केपेंकार: म्हणजे नाम आलं की ‘द’, नाही आलं की नको?

म्हार्दोळची: बरंचसं. ‘द मांडवी इज वाइडेस्ट हिअर’ घ्या. तुलना दुसऱ्या नदीशी नाही, मांडवीची मांडवीशीच. म्हणून ‘वाइडेस्ट’आधी ‘द’ नको. सुरुवातीचा ‘द’ नदीच्या नावाचा आहे, त्याला इथे ओढू नका. पण ‘शी इज द टॉलेस्ट’मध्ये नाम न बोलताही ‘द’ येतो, कारण मनात ‘मुलींमधली’ असते.

शब्दवेडा: मुळात ‘द’ हा संस्कृत ‘तद्’ वरूनच आलेला. आपला ‘तो’ तोच.

म्हार्दोळची: आलेला नव्हे. दोन्ही एकाच जुन्या मूळ शब्दाची नातवंडं. आजोबा एक, म्हणून चुलतभावाला बाप म्हणायचं नाही.

शब्दवेडा: मग त्या चषकावर मराठीतच कोरा ना! ‘सर्वात उत्तम खेळाडू’.

आगशीचे बाब: ‘उत्तम’ म्हणजेच सगळ्यांत वरचा, त्यातला ‘तम’ काय सांगतो? आणखी ‘सर्वात’ कशाला? नुसतं ‘उत्तम खेळाडू’.

पाणी-पाव: ‘उत्तम’ आता ‘छान’ झालंय, बाब. उत्तम चहा म्हणतो, तेव्हा स्पर्धा नसते.

शब्दवेडा: झालंय म्हणून मान्य करायचं? आणि ‘सर्वांत’ला अनुस्वार हवा, मीच घाईत विसरलो. अनेकांमध्ये आहे ना!

केपेंकार: आम्ही ‘सगळ्यांत’ म्हणताना कधी नाकातून बोललो नाही.

शब्दवेडा: बोलण्यावर शुद्धलेखन ठरवलं तर…

डिचोलीकर: थांबा. पहिली ओळ तशीच ठेवतो, दुसरीत ‘फॉर’ आणि ‘द’ घालतो, सहा अक्षरं वाढली. सचिव अजून पहिल्या ओळीत ‘द’ मागतायत, त्यांना किताब आणि वाक्य हा फरक काही पटलेला नाही. मराठी ओळीचं उद्या बघू. अनुस्वाराचे पैसे वेगळे लागतात का, तेही दुकानदाराला विचारतो.