अंदाजपत्रकावरच्या तीन सह्या: ‘अनुमोदित’ की ‘मंजूर’?

सचिव, पाणीवापर संस्था (परभणी जिल्हा): जायकवाडी डाव्या कालव्यावरच्या आमच्या संस्थेचं 2026-27 चं अंदाजपत्रक करायलोय. मुखपृष्ठावर संस्थेचं नाव, आर्थिक वर्ष, एकूण जमा-खर्च आणि खाली तीन सह्या. जुन्या नमुन्यात ‘तयार करणार’, ‘तपासणार’, ‘अनुमोदित’ असं छापलंय. अध्यक्ष म्हणतात, ‘अनुमोदित’ काढा, ‘मंजूर’ घाला. एकच की वेगळं?

बांधकाम खात्यातला: यापैकी एकही नको, ‘मान्यता’ लिहा. आमच्याकडे कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, उपअभियंता तपासतो आणि तांत्रिक मान्यता वरचा अधिकारी देतो. शब्द ठरलेले आहेत, उगीच नवे काढू नका.

निवृत्त लेखापाल, लातूर: साहेब, तुम्ही म्हणता ते कामाचं अंदाजपत्रक, म्हणजे एस्टिमेट. रस्ता करायला किती खडी, किती डांबर, त्याचा दर काय, एवढंच त्यात. सचिव विचारायलेत ते वर्षाच्या जमाखर्चाचं, म्हणजे बजेट. मराठीत दोन्हीला एकच शब्द पडलाय. त्यात तांत्रिक मान्यतेचा प्रश्नच येत नाही. पण सह्यांची उतरंड दोन्हीकडे सारखी असते, तेवढं तुमचं बरोबर.

सचिव, अध्यक्षांचं ऐका. ‘अनुमोदन’ सभेत काय असतं ते आठवा. एकजण ठराव मांडतो तो सूचक, दुसरा पाठिंबा देतो तो अनुमोदक. अनुमोदक झाला म्हणून ठराव पास होत नाही, त्याला सभेनं हो म्हणावं लागतं. सरकारी पत्रात ‘अनुमोदन’ मान्यतेच्या अर्थानंही वापरतात, म्हणून ते चूक म्हणणार नाही. पण सभेच्या कागदावर वाचणारा गोंधळतो.

बचत गटातली ताई, सेलू: आमच्या गटाच्या वहीत अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष तिघींच्या सह्या एका ओळीत असतात. बँकेनं कधी विचारलं नाही की तपासलं कोणी.

निवृत्त लेखापाल, लातूर: ताई, त्या व्यवहाराच्या सह्या. बँकेला पैसे काढायचा अधिकार कोणाला एवढंच बघायचं असतं. इथं प्रत्येक सहीचं काम वेगळं आहे. तयार करणारा सांगतो, आकडे मी कुठून आणले. तपासणारा सांगतो, ते कागदाशी ताडून पाहिले.

एका संस्थेतलं सांगतो. जमेच्या बाजूला ‘मागील बाकी पाणीपट्टी’ 25,000 धरली होती. खाली ‘चालू मागणी’ होती, तिच्यात तीच बाकी पुन्हा मिसळलेली. बेरीज बिनचूक, म्हणून वरवर पाहणाऱ्याला काही दिसलं नाही. तपासणाऱ्यानं मागणी नोंदवही उघडली, बाकीचा रकाना वेगळा काढला, तेव्हा एकूण जमा 6,40,000 वरून 6,15,000 वर आली. आतलं पान बदललं, पण मुखपृष्ठ जुनंच राहिलं. सभेत वाचून दाखवलं 6,40,000, आत 6,15,000. आता मंजूर नेमकं काय झालं? म्हणून मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी छापायचं, आणि सभेपर्यंत त्यावर ‘मसुदा’ लिहायचं.

शाळामास्तर, नांदेड: ‘तयार करणार’ हे मला नेहमी खटकतं. वाचलं की वाटतं, अजून केलेलं नाही, पुढे कधीतरी करणार. ‘तयार करणारा’ म्हणावं तर बाईची सही असली की अडतं. ‘तयारकर्ता’चंही तेच. सरळ ‘तयार केले’, ‘तपासले’ लिहा. अंदाजपत्रक नपुंसकलिंगी, ते केले, तपासले, कोणीही सही करा. जाता जाता, ‘मंजूर’ आणि ‘नजर’ एकाच अरबी धातूतले. मंजूर म्हणजे मुळात नजरेखालून गेलेलं.

बांधकाम खात्यातला: ‘करणार’ वर्षानुवर्षं चालतंय, कोणी भविष्यकाळ वाचत नाही. ‘तपासले’च्या खाली तारीख टाकायला लावा, ते जास्त कामाचं.

निवृत्त लेखापाल, लातूर: तारखेचं पटलं. तारखा क्रमानं यायला हव्यात. सभा 28 मार्चला आणि ‘मंजूर’खाली 25 मार्च, असा कागद लेखापरीक्षकासमोर गेला की पहिला प्रश्न तोच. आणि मंजूर अध्यक्ष करत नाहीत, सभा करते. म्हणून तिसऱ्या ओळीत नुसतं ‘मंजूर’ नको: ‘सभा दि. ……, ठराव क्र. …… अन्वये मंजूर’ आणि खाली अध्यक्षांची सही.

सचिव, पाणीवापर संस्था: पटलं. ‘तयार केले’, ‘तपासले’ आणि ठरावासकट ‘मंजूर’ करतो. पण आमच्याकडं हिशोब मीच लिहितो आणि कोषाध्यक्षांना वाचायला दिसत नाही. ‘तपासले’वर सही कोणाची घ्यावी?

निवृत्त लेखापाल, लातूर: तुमची नको एवढं नक्की. संचालकांपैकी ज्याला नोंदवही वाचता येते त्याचं नाव ठरावात घ्या.

बांधकाम खात्यातला: संचालक स्वतःच सभेत मंजुरीला हात वर करणार, मग त्यानं तपासायचं कसं? बाहेरचा माणूस बघा.