ऑफर नाकारली पण मॅनेजरशी संबंध टिकवले, असे अनुभव लिहा

सायली_लिहिते: ज्या मॅनेजरने आपल्याला निवडलं त्याच्यासोबत पुढे कधीतरी काम करायला आवडेल, पण आत्ता नाही म्हणायचंय, असं कोणाचं झालंय का? काय आणि कसं बोललात ते लिहा. माझी ऑफर एचआरच्या पोर्टलवर आली होती, तिथे नकाराचं बटण दाबलं की विषय संपतो, पण मॅनेजरपर्यंत ते फारच कोरडं पोचतं, म्हणून मी आधी त्यांना फोन केला, मग मेल आणि सगळ्यात शेवटी पोर्टल. मेल असा:

"सर, फोनवर बोलल्याप्रमाणे ही ऑफर मी स्वीकारू शकत नाहीये. मला डेटाच्या कामात शिरायचंय आणि दुसरीकडे थेट तेच मिळतंय. शेवटच्या राउंडमध्ये तुम्ही माझ्या डिझाइनमधली अडचण समजावून दिलीत ती कायम लक्षात राहील. तुमच्याकडे अशा कामाची जागा निघाली तर जरूर कळवा."

पलीकडची_खुर्ची: मी टीमसाठी माणसं घेतो. नकाराचा राग येत नाही, उशिराचा येतो. तुमचं हो-नाही चालू असतं तेव्हा दुसऱ्या नंबरचा उमेदवार आम्ही थांबवून ठेवलेला असतो, तो तेवढ्यात दुसरीकडे जातो आणि मग सगळे इंटरव्ह्यू पहिल्यापासून. ठरलं की लगेच सांगा, मुदत संपायची वाट बघू नका. सायलीचं कारण चांगलंय कारण त्यावर पैसे वाढवून काही होत नाही. 'पॅकेज कमी वाटलं' म्हणालात की मी वरून मंजुरी आणायला धावतो, आणि ती आणल्यावरही तुम्ही नाहीच म्हणालात तर बॉससमोर मी तोंडघशी.

मितभाषी: कारण द्यायचंच नाही, 'वैयक्तिक' म्हणायचं. कारण दिलं की समजूत घालत बसतात.

पलीकडची_खुर्ची: एचआरला तेवढं पुरे. पण मला कारणच माहीत नसेल तर उद्या कुठल्या कामासाठी तुमची आठवण काढू?

मितभाषी: पगार हेच खरं कारण असेल तर मग काय, खोटं बोलायचं?

अर्धवटराव: माझं जरा वेगळंय, मी ऑफर लेटरवर सही केली आणि आता आहे त्याच कंपनीने पगार वाढवलाय, हाच मेल पाठवू का?

पलीकडची_खुर्ची: नको. सही केल्यावर तो नकार नाही, दिलेला शब्द मागे घेणं आहे. आधी लेटरमधल्या अटी नीट वाचा, मग आजच फोन करून स्पष्ट माफी मागा. 'पुढे कळवा' वगैरे त्यात अजिबात नको. दार उघडं राहील का, मला नाही सांगता येत.

निशिगंध: मला सहीनंतर नाही म्हणूनही त्याच मॅनेजरने नंतर घेतलंय, त्यामुळे माणसावर आहे. आणि नकारानंतर गप्प बसू नका हो. मी काही महिन्यांनी त्यांना लिहिलं की इंटरव्ह्यूत तुम्ही सुचवलेली टेस्टिंगची पद्धत इथे वापरली आणि रिलीजच्या वेळची धावपळ बरीच कमी झाली. नोकरीचा विषयच काढला नाही. पुढे त्यांनीच कंपनी बदलली आणि नव्या टीमसाठी फोन आला.